बँक बदलली आणि मधला एक महिना गळाला: कोषागाराला पत्र कसं लिहायचं

निवृत्तीनंतर बँक बदलायची कारणं साधीच असतात. गावाकडचं घर बंद करून जिल्ह्याच्या ठिकाणी मुलाकडं राहायला आलो, जुनी शाखा लांब पडते, तिथं पासबुक छापायचं मशीन सदा बिघडलेलं असतं. मग नव्या बँकेत खातं काढायचं, कोषागारात अर्ज द्यायचा आणि जुनं खातं बंद करून टाकायचं. पुढच्या महिन्यापासून पेन्शन नव्या खात्यात सुरूही होते. फक्त मधला एक महिना कुठंच दिसत नाही. जुनं खातं तर बंद झालंय आणि नव्यात काही आलेलं नाही.

अशा वेळी बहुतेक मंडळी जे पत्र लिहितात ते असं असतं: “माझी पेन्शन मिळाली नाही, तरी ती त्वरित मिळावी ही विनंती.” खाली सही. पस्तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलेल्या माणसाचंही पत्र असंच असतं. ते वाचून क्लार्कला काही करता येत नाही. कुठला महिना, किती रक्कम, कुठल्या खात्यात जायची होती, काहीच कळत नाही. तो संगणकात बघतो, तिथं बिल निघालेलं दिसतं आणि तो म्हणतो, “सर, आमच्याकडं तर पेड दाखवतंय की.” त्याच्या परीनं तो खरंच बोलत असतो. आपलं पत्र असं हवं की त्या “पेड”च्या पुढचा प्रश्न त्याला विचारावाच लागेल.

पत्र कुणाच्या नावानं

हे पीपीओवर ठरतं. घरातली निवृत्तिवेतन प्रदान आदेशाची प्रत काढा आणि तो कुणी काढलाय ते बघा.

अनुदानित खासगी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालात तर मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचा हा आदेश नागपूरच्या महालेखापाल कार्यालयातून येतो. विदर्भ आणि मराठवाडा हे नागपूरकडं आहेत, उरलेला महाराष्ट्र मुंबईकडं. आदेशावर नागपूरचा शिक्का बघून अनेक जण तक्रारही नागपूरलाच धाडतात. तिथून महिना-दीड महिन्यानं उत्तर आलं तर तेही “जिल्हा कोषागाराशी संपर्क साधावा” एवढंच येतं. महालेखापाल पेन्शन किती हे ठरवून देतात, दर महिन्याला पैसे पाठवतं ते जिल्हा कोषागार. पैसे अडले की पत्र कोषागाराला.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्यांचा रस्ता निराळा आहे. त्यांची पेन्शन जिल्हा परिषदेकडून, पंचायत समितीमार्फत येते. त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं लिहावं आणि एक प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांना द्यावी. एक गोष्ट मात्र त्यांनी आधी करावी: बरोबरच्या एखाद्या निवृत्त गुरुजींना फोन लावून त्यांची जमा झाली का ते विचारावं. तिकडं अनुदान उशिरा आलं की सगळ्या तालुक्याचीच पेन्शन लांबते, मग आपल्या एकट्याच्या पत्राचा उपयोग नाही. खाली जे लिहिलंय ते कोषागारातून पेन्शन घेणाऱ्यांना धरून आहे, पण पत्राचा साचा दोघांनाही चालेल.

आधी पैसे कुठं आहेत ते शोधा

बँक बदलताना गळालेल्या महिन्याच्या तीनच शक्यता असतात: रक्कम कोषागारातून निघालीच नाही, निघाली पण परत आली, किंवा निघाली आणि दुसऱ्याच खात्यात पडली. यातली कुठली हे कळल्याशिवाय पत्र लिहायला बसू नका, कारण तिन्हींची मागणी वेगळी आहे.

निघालीच नाही असं सहसा हयातीच्या दाखल्यामुळं होतं. नोव्हेंबरात कोषागार बँकांच्या शाखांना पेन्शनरांच्या याद्या पाठवतं आणि आपण शाखेत जाऊन नावापुढं सही करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बँक बदलली की नाव जुन्या शाखेच्या यादीत राहतं, आपण नव्या शाखेत जातो, तिथल्या यादीत नाव नसतं. सही राहिली की पुढची पेन्शन थांबते. याची खूण सोपी आहे. एकच महिना न गळता तिथून पुढचे सगळेच महिने बंद होतात. अशा वेळी कुठं गेले पैसे म्हणून विचारण्यात अर्थ नाही, हयातीचा दाखला द्यायचा आणि थांबलेली पेन्शन थकबाकीसह सुरू करा म्हणायचं.

दुसऱ्याच्या खात्यात पडणं क्वचित होतं, पण झालं तर निस्तरायला सगळ्यात अवघड. एनईएफटीनं पैसे जमा होताना बँक फक्त खाते क्रमांक बघते, नाव जुळवून बघण्याचं बंधन तिच्यावर नाही. त्यामुळं अर्जात खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला, तर पैसे त्याच्याकडं जातात. आयएफएससी चुकला तर बहुधा पैसे परत येतात. या कोडात अकरा अक्षरं असतात. पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. तिथं बरेच जण इंग्रजी ओ लिहितात. कोषागारात दिलेल्या अर्जाची प्रत आणि नवं पासबुक शेजारी ठेवून एकेक आकडा बोट ठेवून वाचा. घरातल्या दुसऱ्या कुणाला वाचायला लावलं तर आणखी बरं, आपलंच लिहिलेलं आपल्याला बरोबर वाटतं.

सगळ्यात जास्त दिसते ती मधली शक्यता: रक्कम निघाली, जुन्या बंद खात्यावर गेली आणि परत आली. पुढचं सगळं त्याबद्दल.

परत आलेला पैसा आपोआप का मिळत नाही

कोषागारात दर महिन्याचं बिल वेगळं बनतं, आणि तेही महिना संपायच्या बरंच आधी. आपला बँकबदलाचा अर्ज त्या महिन्याचं बिल तयार झाल्यावर पोचला, तर त्या महिन्याची पेन्शन जुन्याच खात्याच्या नावानं निघते. पुढच्या बिलात नवं खातं येतं. मधल्या काळात जुनं खातं बंद केलं असेल तर बँक ती रक्कम स्वीकारू शकत नाही, आल्या वाटेनं परत पाठवते.

परत आलेली रक्कम कोषागाराकडं वेगळी राहते. पुढच्या महिन्याच्या बिलात ती आपणहून मिसळत नाही. ती पुन्हा पाठवायची तर पेन्शनरानं मागायला हवं आणि कुठल्या खात्यावर पाठवायची ते लेखी द्यायला हवं. म्हणूनच “पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम येतील” असं कुणी म्हणालं तरी वाट बघत बसू नका.

यात खातं बंद आहे हा शब्दप्रयोग जपून वापरा. दोन वर्षं व्यवहार न केल्यानं निष्क्रिय झालेल्या खात्यालाही आपण बंदच म्हणतो, पण त्यात बाहेरून आलेले पैसे जमा होऊ शकतात. तुम्ही अर्ज देऊन, चेकबुक परत करून खातं बंद केलं होतं की नुसतं वापरणं सोडलं होतं? नुसतं सोडलं असेल तर आधी जुन्या शाखेत जाऊन पासबुक भरून आणा. कैक वेळा पेन्शन तिथंच पडलेली सापडते आणि पत्राची गरजच उरत नाही.

एक उदाहरण

मराठवाड्यातल्या एका तालुक्यातल्या अनुदानित हायस्कुलातून निवृत्त झालेल्या एक बाई. पेन्शन महिन्याला ३८,४१२ रुपये. गावच्या शाखेतलं खातं सोडून त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या बँकेत खातं काढलं. जिल्हा तोच राहिला, म्हणून कोषागारही तेच. (जिल्हाच बदलला तर पीपीओ एका कोषागाराकडून दुसऱ्याकडं वर्ग करावा लागतो, ते प्रकरण याहून लांबचं आहे.) बँकबदलाचा अर्ज त्यांनी २० जानेवारी २०२५ ला दिला आणि जुनं खातं २७ जानेवारीला बंद केलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काहीच आलं नाही. मार्चच्या सुरुवातीला नव्या खात्यात ३८,४१२ रुपये आले.

बाई म्हणत होत्या, “माझी फेब्रुवारीची पेन्शन राहिली.” इथंच पहिली गफलत. पेन्शन महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मिळते. फेब्रुवारीत जमा व्हायची ती जानेवारीची पेन्शन. मार्चमध्ये आली ती फेब्रुवारीची. बाईंनी पत्रात “फेब्रुवारी” लिहिलं असतं तर क्लार्कनं फेब्रुवारीचं बिल काढलं असतं, त्यात नव्या खात्यात यशस्वी जमा दिसलं असतं आणि अर्ज “रक्कम अदा झाली आहे” असा शेरा मारून दप्तरी गेला असता. म्हणून पत्रात दोन्ही लिहायचं: कुठल्या महिन्याची पेन्शन, आणि ती कधी जमा व्हायला हवी होती.

दुसरी गोष्ट पुराव्याची. जुन्या शाखेत जाऊन “माझे पैसे परत गेले का” विचारलं तर तिथला माणूस म्हणतो, खातं बंद आहे, मला काही दिसत नाही. खरंच त्याला सहजासहजी दिसत नाही. परत गेलेली रक्कम खात्याच्या उताऱ्यात नोंदलीच जात नाही, ती शोधायला व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लागतो आणि तो पाठवणाऱ्याकडं, म्हणजे कोषागाराकडं असतो. पण शाखेकडून एक कागद मात्र लगेच मिळू शकतो: खातं अमुक तारखेला बंद केल्याचं पत्र, सोबत शेवटचा उतारा. तेवढं पुरतं. खातं २७ जानेवारीला बंद झालं असेल तर फेब्रुवारीत त्यात पैसे पडणं शक्यच नाही. उताऱ्याची शेवटची ओळ शिल्लक शून्य दाखवते, त्याखाली काही नाही. नव्या खात्याच्या १ जानेवारी ते ५ मार्चच्या उताऱ्यात एकच पेन्शन दिसते. हे दोन उतारे एकाखाली एक ठेवले की रक्कम कोषागाराकडं परत आलेली असणार हे क्लार्कला सांगावं लागत नाही.

कोषागाराच्या महाकोष संकेतस्थळावरच्या निवृत्तिवेतनवाहिनीत महिन्यावार पेन्शनची पावती बघता येते. बाईंच्या मुलानं जानेवारीची पावती काढली, त्यात ३८,४१२ रुपये अदा असं होतं. घरात त्यावरून धुसफूस झाली की मग पैसे गेले कुठं. त्या पावतीचा अर्थ बिल निघालं एवढाच घ्यायचा. आपल्या कामाला ती उलट चांगलीच, रक्कम कोषागारातून निघाल्याचा तो पुरावा आहे. तीही जोडायची.

पत्र

बाईंचं पत्र शेवटी असं झालं. नावं-क्रमांकांच्या जागा मोकळ्या ठेवल्यात.

दिनांक: १० मार्च २०२५

प्रति,
मा. जिल्हा कोषागार अधिकारी,
जिल्हा कोषागार कार्यालय, …………
(निवृत्तिवेतन शाखा)

विषय: माहे जानेवारी २०२५ चे निवृत्तिवेतन बंद खात्यावरून परत आल्याने नवीन बँक खात्यात पुन्हा जमा करणेबाबत.

संदर्भ: १) पीपीओ क्रमांक …………
२) बँक बदलाचा माझा अर्ज, दि. २०/०१/२०२५, आवक क्र. …………

महोदय,

मी, श्रीमती …………, ………… विद्यालयातून सहशिक्षिका या पदावरून सेवानिवृत्त झाले असून माझे निवृत्तिवेतन आपल्या कार्यालयातून अदा होते.

संदर्भ क्र. २ च्या अर्जान्वये मी बँक बदलण्याची विनंती केली होती. माझे जुने खाते (………… बँक, शाखा …………, खाते क्र. …………) दि. २७/०१/२०२५ रोजी बंद झाले आहे. माहे फेब्रुवारी २०२५ चे निवृत्तिवेतन माझ्या नवीन खात्यात जमा झाले आहे. मात्र माहे जानेवारी २०२५ चे निवृत्तिवेतन रु. ३८,४१२/-, जे फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीस जमा होणे अपेक्षित होते, ते जुन्या वा नवीन कोणत्याही खात्यात जमा झालेले नाही. सदर रक्कम जुन्या खात्यावर पाठविली जाऊन खाते बंद असल्याने परत आली असावी.

तरी विनंती की,
१) जानेवारी २०२५ च्या रकमेच्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक व सद्यःस्थिती तपासावी;
२) रक्कम परत आली असल्यास ती खालील खात्यात जमा करावी;
३) रक्कम परत आली नसल्यास यूटीआर क्रमांक मला लेखी कळवावा, म्हणजे मला संबंधित बँकेकडे पाठपुरावा करता येईल.

नवीन खाते: ………… बँक, शाखा …………, खाते क्र. …………, आयएफएससी …………

आपली विश्वासू,
(सही)
नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक

सोबत: पीपीओच्या पहिल्या पानाची प्रत; बँक बदलाच्या अर्जाची पोच; जुने खाते बंद केल्याचे बँकेचे पत्र व अंतिम उतारा; नवीन खात्याचा उतारा; नवीन पासबुकाचे पहिले पान किंवा रद्द केलेला धनादेश; जानेवारी २०२५ ची निवृत्तिवेतन पावती; आधार व पॅनच्या प्रती.

तिसरी मागणी मुद्दाम घातली आहे. पहिल्या दोनच असत्या तर “रक्कम परत आलेली नाही” एवढं तोंडी सांगून विषय संपला असता. यूटीआर हातात आला की जुन्या शाखेलाही “दिसत नाही” म्हणता येत नाही, त्या क्रमांकावरून रक्कम कुठं थांबली ते त्यांना शोधता येतं.

पत्रात काय नाही तेही बघा. औषधांचा खर्च, नातीची फी, इतकी वर्षं सेवा केल्याचा उल्लेख, यातलं काही नाही. लिहावंसं वाटतं हे मान्य, पण पत्र एका पानात मावलं पाहिजे आणि रक्कम, महिना, खातं या तीन गोष्टी पहिल्या नजरेत दिसल्या पाहिजेत. “असावी” हा शब्दही जाणून ठेवला आहे. पैसे परत आलेत हा आपला अंदाज आहे, तो खात्रीनं लिहिला आणि चुकला तर सगळ्या पत्रावरच शंका येते.

द्यायचं कसं

दोन प्रती घेऊन जा. एक आवक टेबलावर द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. थेट निवृत्तिवेतन शाखेच्या क्लार्कच्या हातात अर्ज देऊन येण्याची आपल्याकडं सवय आहे. ओळखीचा असतो, विद्यार्थीही निघतो, “बाई, ठेवा इथं, बघतो मी” म्हणतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण त्याची बदली झाली की त्या अर्जाचा कुठंच पत्ता लागत नाही. आधी आवक, मग ओळख. जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टानं, पोचल्याचा पुरावा मिळेल असं पाठवा.

मार्च असेल तर होता होईल तेवढं पहिल्या पंधरवड्यात द्या. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं, त्या सुमाराला सगळ्या खात्यांची बिलं कोषागारावर येऊन धडकतात आणि एका पेन्शनरचं परत आलेलं प्रदान शोधायला कुणाला सवड नसते.

अर्ज दिल्यावर काही दिवसांत “कोषागारातून बोलतोय, तुमची अडकलेली पेन्शन सोडायची आहे, ओटीपी सांगा” असा फोन येऊ शकतो. पैसे जमा करायला ओटीपी लागत नाही. फोन ठेवा आणि शंका असली तर स्वतः कार्यालयात जाऊन विचारा.

पंधरा-वीस दिवसांत काही कळलं नाही तर नवा अर्ज लिहू नका, स्मरणपत्र द्या. त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक व तारीख संदर्भात घाला आणि पोचेची झेरॉक्स जोडा. नव्या अर्जाला नवा क्रमांक मिळतो आणि आपली वाट बघणं पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. त्यानंतरही शांतता असेल तर वर विभागीय सहसंचालक, लेखा व कोषागारे यांच्या नावानं लिहा आणि प्रत कोषागाराला द्या.

माहितीचा अधिकार हा शेवटचा उपाय, पण अशा प्रकरणात तो नेमका लागू पडतो, कारण आपला प्रश्न नोंदींचाच आहे. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. “माझी पेन्शन का दिली नाही” असं विचारू नका. पीपीओ क्रमांक देऊन त्या महिन्याच्या प्रदानाचा यूटीआर क्रमांक, रक्कम कुठल्या खात्यावर पाठवली, परत आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि आपल्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, एवढंच मागा.

रक्कम आल्यावर पासबुक भरून बघा. ती स्वतंत्र नोंद म्हणून येऊ शकते किंवा चालू महिन्याच्या पेन्शनमध्ये मिळून. मिळून आली तर दोन्ही महिन्यांच्या पावत्यांवरच्या निव्वळ रकमा बेरीज करून ताळा घ्या. कमी भरली तर कपात कशाची ते पावतीत असतं. तिथंही खुलासा मिळाला नाही तर तोच आवक क्रमांक देऊन फरकाच्या रकमेसाठी दोन ओळींचं पत्र द्या.